पासवर्ड बदलूनही संशयास्पद लॉगिनचा इशारा परत येतो तेव्हा

इचलकरंजीतल्या सूत व्यापाऱ्यांच्या आणि यंत्रमाग कारखान्यांच्या कार्यालयांतील संगणकांची देखभाल मी करतो. गेल्या काही वर्षांत एकच तक्रार माझ्याकडे इतक्या वेळा आली आहे की तिचा क्रम आता मला पाठ झाला आहे. ईमेलवर अनोळखी लॉगिनचा इशारा येतो, माणूस घाबरून पासवर्ड बदलतो, आठ-दहा दिवस शांततेत जातात आणि इशारा पुन्हा येतो. पुन्हा पासवर्ड बदलला जातो, पुन्हा तेच घडते. यातल्या बहुतेक ठिकाणी पासवर्ड बदलण्यात चूक झालेली नसते. तो चुकीच्या यंत्रावरून बदललेला असतो, आणि घुसखोराने खात्यात आधीच लावून ठेवलेल्या नियमाकडे कोणी पाहिलेले नसते. मेल आपोआप दुसऱ्या पत्त्यावर पाठवणारा फॉरवर्डिंगचा नियम एकदा लागला की तो चालू राहण्यासाठी कोणाला लॉगिन करावे लागत नाही, आणि म्हणून पासवर्ड कितीही वेळा बदलला तरी त्याला धक्का लागत नाही.

पुढचे सर्व टप्पे जीमेलच्या वैयक्तिक खात्यासाठी लिहिले आहेत. आमच्याकडचे बहुतेक व्यापारी अजूनही तेच वापरतात. पडद्यावरची नावे इंग्रजी मांडणीत जशी दिसतात तशीच दिली आहेत.

लक्षणे

खाली दिलेल्या लक्षणांपैकी आपल्याला कोणती जाणवतात ते आधी नीट पाहून घ्यावे, कारण त्यावरून कोणत्या टप्प्यापर्यंत जावे लागेल याचा अंदाज येतो.

- नवीन उपकरणावरून लॉगिन झाल्याचा किंवा लॉगिनचा प्रयत्न अडवल्याचा इशारा येतो, आणि पासवर्ड बदलल्यानंतर काही दिवसांनी तो परत येतो.
- इशाऱ्याची प्रत रिकव्हरी ईमेलवर, म्हणजे खाते परत मिळवण्यासाठी दिलेल्या दुसऱ्या पत्त्यावर, येते, पण मूळ खात्याच्या इनबॉक्समध्ये तो इशारा सापडत नाही.
- समोरचा माणूस मेल पाठवल्याचे शपथेवर सांगतो, आपल्याला तो दिसत नाही, आणि शोधल्यावर तो `Trash` किंवा `All Mail` मध्ये आधीच वाचलेल्या अवस्थेत मिळतो.
- आपल्या बिलांची, दरांची किंवा पैशांच्या व्यवहाराची माहिती तिऱ्हाइताला असल्याचे जाणवते.

यातले फक्त पहिले लक्षण, तेही एकदाच, दिसले असेल तर पुष्कळदा ते आपलेच नवीन फोनवरचे किंवा नवीन ब्राउझरमधले लॉगिन असते. दुसरे आणि तिसरे लक्षण मात्र मी कधीच हलके घेत नाही, कारण मेल आपोआप नाहीसा होत नाही; त्याला नाहीसे करणारा नियम कोणीतरी लिहिलेला असतो.

गेल्या पावसाळ्यातले एक प्रकरण या चारही लक्षणांचे होते, म्हणून पुढे तेच उदाहरण धरून चालतो. सुताच्या एका व्यापाऱ्यांना मालेगावच्या ग्राहकाचा फोन आला, ‘तुमचा बँकेचा खातेक्रमांक बदलला का? बिलावर नवीन नंबर दिसतोय.’ व्यापाऱ्यांनी खाते बदललेले नव्हते. ग्राहकाकडे आलेल्या मेलमधले बिल अस्सल होते, सुताचा काउंट, पोत्यांची संख्या आणि रक्कम सगळे बरोबर होते. बदलला होता तो फक्त खातेक्रमांक, आणि मेल ज्या पत्त्यावरून आला त्यात एक अक्षर जास्त होते. पैसे पाठवण्याआधी ग्राहकाने फोन केला म्हणून रक्कम वाचली. व्यापारी मला म्हणाले, ‘साहेब, दीड महिन्यात तीनदा पासवर्ड बदलला. आता अजून काय करायचं?’

पहिली तपासणी: इशारा खरा आहे का

या तपासणीला दोन मिनिटे लागतात आणि खर्च काहीच नाही, तरीही ती बहुतेक जण वगळतात. इशाऱ्याच्या मेलमधल्या कोणत्याही बटणावर टिचकी न मारता ब्राउझरमध्ये स्वतःच्या हाताने पुढचा पत्ता टाइप करावा.

```
myaccount.google.com/notifications
```

खात्याच्या सुरक्षेशी संबंधित अलीकडच्या घटना या पानावर दिसतात. मेलमध्ये सांगितलेली घटना इथेही असेल तर इशारा खरा आहे, आणि नसेल तर तो मेल आपला पासवर्ड काढून घेण्यासाठी पाठवलेला बनावट मेल समजावा. पाठवणाऱ्याचा पत्ता `no-reply@accounts.google.com` असा दिसतो म्हणून मेल खरा, असे मानणे आता पुरेसे राहिलेले नाही. एप्रिल २०२५ मध्ये गूगलची खरी डिजिटल स्वाक्षरी असलेले बनावट इशारे लोकांना आले होते, आणि त्यातला दुवा `sites.google.com` वर बनवलेल्या नकली पानाकडे नेत होता. त्यामुळे पत्त्याकडे पाहून खात्री करण्यापेक्षा आपण होऊन खात्यात जाऊन पाहणे हाच भरवशाचा मार्ग आहे.

इशाऱ्याचे शब्दही नीट वाचावेत. लॉगिन अडवले असे लिहिलेले पाहून लोक सुटकेचा श्वास टाकतात, पण कोणीतरी तुमचा पासवर्ड वापरून प्रयत्न केला, असे त्यात म्हटले असेल तर पासवर्ड बरोबर होता आणि केवळ जागा किंवा उपकरण अनोळखी वाटल्यामुळे दार उघडले नाही, असा त्याचा अर्थ होतो. तो पासवर्ड फुटलेला आहे आणि तो त्याच दिवशी बदलायला हवा.

आमच्या प्रकरणात इशारे खरे होते, पण ते व्यापाऱ्यांना मेलवर कधीच दिसले नव्हते. पुण्याला असलेल्या त्यांच्या मुलीचा पत्ता रिकव्हरी ईमेल म्हणून दिलेला होता, प्रत तिच्याकडे जात होती आणि ती प्रत्येक वेळी फोन करून वडिलांना कळवत होती. मूळ इशारे कुठे जात होते याचे उत्तर चौथ्या तपासणीत मिळाले.

दुसरी तपासणी: सध्या कोण आत आहे

चालू सेशन, म्हणजे खात्यात सध्या उघडी असलेली लॉगिन, दोन ठिकाणी दिसतात आणि दोन्ही ठिकाणे पाहावी लागतात, कारण दोन्हींत मिळणारी माहिती वेगळी असते.

पहिले ठिकाण म्हणजे गूगल खात्यातील सुरक्षा विभागातले `Your devices` आणि तिथले `Manage all devices`. सध्या लॉगिन असलेली आणि मागच्या २८ दिवसांत लॉगिन झालेली उपकरणे इथे यादीने येतात. एकाच संगणकाच्या नावाखाली अनेक सेशन दिसले तर लगेच घाबरू नये. नवीन ब्राउझर, पुन्हा केलेले लॉगिन किंवा एखादे अॅप यामुळेही वेगळे सेशन मोजले जाते. आपण कधीच न वापरलेल्या प्रकारचे उपकरण दिसले, म्हणजे घरात आणि कार्यालयात मिळून एकही मॅक नसताना मॅक दिसला, तर ती संशयाची पक्की जागा आहे.

दुसरे ठिकाण जुने आहे आणि ते फक्त संगणकावर दिसते. जीमेल उघडून पानाच्या अगदी तळाशी उजवीकडे `Last account activity` च्या खाली `Details` असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. त्यावर टिचकी मारली की छोटी खिडकी उघडते आणि तीत शेवटच्या १० वेळा खाते कसे, कुठून आणि कधी उघडले गेले ते आयपी पत्त्यासह, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकासह, दिसते. सध्याच्या संगणकाचा आयपी पत्ताही त्याच खिडकीत दिलेला असतो, त्यामुळे आपली ओळ कोणती आणि परकी कोणती हे जुळवून पाहता येते. ‘Access Type’ या रकान्यात ब्राउझर किंवा मोबाइलऐवजी `IMAP` किंवा `POP3` दिसले आणि आपण कोणतेही वेगळे मेल अॅप वापरत नसलो, तर कोणीतरी बाहेरचे अॅप खात्याला जोडून मेल उतरवून घेत आहे.

इथे गावाच्या नावावर फार विसंबू नये, हे मी मुद्दाम सांगतो. मोबाइल इंटरनेट वापरताना आयपी पत्ता कंपनीच्या मोठ्या केंद्राचा दिसू शकतो, म्हणून इचलकरंजीत बसून मेल पाहिला तरी यादीत मुंबई किंवा हैदराबाद येते. उलट घुसखोर भाड्याच्या सर्व्हरवरून किंवा खरे ठिकाण लपवणाऱ्या व्हीपीएनवरून येत असेल तर त्याचे गाव साधे आणि ओळखीचेही दिसू शकते. माझा भरवसा गावापेक्षा वेळेवर जास्त असतो. कार्यालय रात्री नऊला बंद होते आणि यादीत पहाटे ३.१२ चे ब्राउझर सेशन आहे, घरात त्या वेळी सगळे झोपलेले होते, तर पुढची चर्चा करण्याचे कारण उरत नाही.

परके सेशन दिसताच लगेच `Sign out` दाबण्याचा मोह होतो, पण त्याआधी दोन्ही पानांचे फोटो काढून ठेवावेत. दहा ओळींची यादी नवीन लॉगिनबरोबर पुढे सरकते आणि जुनी ओळ नाहीशी होते. पुढे सायबर पोलिसांकडे जायची वेळ आली तर तोच आयपी पत्ता आणि तीच वेळ उपयोगी पडते. फोटो झाल्यावर उपकरणांच्या यादीतून प्रत्येक अनोळखी सेशन बंद करावे आणि छोट्या खिडकीतले `Sign out all other Gmail web sessions` हे बटणही दाबावे.

तिसरी तपासणी: पासवर्ड कोणत्या यंत्रावरून बदलला

इशारा पुन्हा पुन्हा येणाऱ्या खात्यांमध्ये मला सर्वाधिक वेळा इथेच खोट सापडली आहे. व्यापाऱ्यांना मी विचारले की तीनही वेळा पासवर्ड कुठून बदलला, तर त्यांनी बिलांच्या संगणकाकडे बोट दाखवले. त्याच संगणकावर दोन महिन्यांपूर्वी कोणीतरी एका फुकट मिळालेल्या पीडीएफ संपादकाची क्रॅक केलेली प्रत बसवली होती. अशा प्रतींबरोबर माहिती चोरणारा प्रोग्राम येऊ शकतो. तो ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड तर नेतोच, पण लॉगिन टिकवून ठेवणाऱ्या कुकीज देखील नेतो, आणि त्या कुकीज दुसऱ्या संगणकावर वापरल्या की पासवर्ड किंवा ओटीपी न विचारताच खाते उघडते. त्या संगणकावर नवीन पासवर्ड टाइप करणे म्हणजे तो चोराच्या हाती आपणच देणे आहे. दर खेपेला आठ-दहा दिवसांनी इशारा का परत येत होता याचा उलगडा इथे झाला.

म्हणून पासवर्ड बदलण्यासाठी स्वच्छ असल्याची खात्री असलेले यंत्र निवडावे. दुसरे काही नसेल तर अधिकृत स्टोअरमधूनच अॅप घेतलेला आणि अद्ययावत असलेला आपला फोन बहुतेक वेळा कार्यालयातल्या सामाईक संगणकापेक्षा बरा. क्रम असा ठेवावा की आधी संशयित संगणकाचे इंटरनेट काढायचे, त्यानंतर फोनवरून पासवर्ड बदलायचा, आणि तो संगणक पूर्ण साफ होईपर्यंत त्यावर त्या खात्याने लॉगिन करायचे नाही. नवीन पासवर्ड दुसऱ्या कोणत्याही संकेतस्थळावर वापरलेला नसावा. जुन्या पासवर्डच्या शेवटी आकडा वाढवून केलेला बदल काही उपयोगाचा नाही, कारण तो अंदाज सर्वांत आधी केला जातो.

पासवर्ड बदलल्यावर गूगल जवळपास सर्व ठिकाणचे लॉगिन बंद करते, पण सर्वच नाही. लॉगिनच्या वेळी ओळख पटवण्यासाठी वापरली जाणारी उपकरणे आणि ज्यांना आपण खात्याची परवानगी दिली आहे अशा बाहेरच्या अॅपची काही उपकरणे तशीच जोडलेली राहू शकतात. त्यामुळे पासवर्ड बदलल्यानंतर `Manage all devices` ची यादी पुन्हा एकदा उघडून पाहणे हा या टप्प्याचाच भाग आहे.

चौथी तपासणी: फिल्टर आणि फॉरवर्डिंग

ही तपासणी फोनवरच्या जीमेल अॅपमध्ये करता येत नाही, कारण अॅपमध्ये ही पानेच नाहीत. अनेकांच्या हातून ती राहून जाते याचे कारणही हेच आहे. एखादा स्वच्छ संगणक घ्यावा, जीमेल उघडावे, वर उजवीकडच्या दातेरी चाकावर टिचकी मारून `See all settings` मध्ये जावे आणि तीन पाने याच क्रमाने पाहावीत.

पहिले पान `Filters and Blocked Addresses`. इथे प्रत्येक फिल्टर दोन ओळींत लिहिलेला असतो. `Matches` या शब्दापुढे कोणते मेल पकडायचे ते असते आणि `Do this` पुढे त्यांचे काय करायचे ते. व्यापाऱ्यांच्या खात्यात या पानावर पुढचे दोन नियम मिळाले. मेल ज्याला जात होता तो पत्ता मी इथे गाळला आहे.

```
Matches: from:(no-reply@accounts.google.com)
Do this: Delete it

Matches: invoice OR RTGS OR payment
Do this: Skip Inbox, Mark as read, Forward to ...
```

पहिल्या नियमामुळे गूगलचा प्रत्येक इशारा आल्याबरोबर कचऱ्यात जात होता, म्हणून तो व्यापाऱ्यांना दिसत नव्हता. रिकव्हरी ईमेल वेगळ्या खात्याचा असल्यामुळे तिथे मात्र हा नियम चालत नव्हता आणि मुलीला प्रत मिळत होती. दुसऱ्या नियमामुळे बिल, पेमेंट किंवा आरटीजीएस हे शब्द असलेला ग्राहकाचा प्रत्येक मेल घुसखोराकडे पोहोचत होता आणि इकडे इनबॉक्सला वळसा घालून वाचलेला म्हणून पडून राहत होता. ग्राहकांच्या उत्तरात खाली मूळ बिलाचा मजकूरही असतो आणि कित्येकदा फाइल पुन्हा जोडलेली असते. मालेगावला गेलेल्या बनावट बिलात सुताचा काउंटसुद्धा बरोबर कसा होता, हे यावरून स्पष्ट झाले. घुसखोराला सतत लॉगिन करून बसण्याची गरजच नव्हती. पहिल्या दिवशी आत येऊन त्याने पाच मिनिटांत हे दोन नियम लिहिले आणि त्यानंतर टपाल आपणहून त्याच्या घरी जात राहिले.

फिल्टर वाचताना काही गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे. `Delete it`, `Skip Inbox` आणि `Mark as read` यांपैकी काहीही, आणि त्यातही दोन-तीन एकत्र, असतील तर तो नियम कोणी आणि का केला हे घरातल्या व कार्यालयातल्या प्रत्येकाला विचारावे. बँकेचे नाव, गूगलचा पत्ता, `OTP`, `password` असे शब्द अडवणारा नियम कोणताही प्रामाणिक माणूस स्वतःसाठी करत नाही. उलट, जाहिरातींचे मेल एका लेबलखाली टाकणारा जुना नियम आपल्याच कोणीतरी केलेला असू शकतो, तेव्हा सगळे फिल्टर सरसकट पुसून टाकू नयेत. संशयित नियमाचा फोटो काढावा, ज्या पत्त्यावर मेल जात होता तो पत्ता अक्षर न अक्षर कागदावर उतरवून घ्यावा, आणि मगच `delete` दाबून विचारलेल्या प्रश्नाला होकार द्यावा.

दुसरे पान `Forwarding and POP/IMAP`. फिल्टरमधून मेल बाहेर पाठवायचा असेल तर तो पत्ता आधी इथे नोंदवून त्यावर आलेल्या कोडने पक्का करावा लागतो, म्हणून घुसखोराचा पत्ता इथेही सापडतो. काही वेळा फिल्टर नसतोच आणि सर्वच्या सर्व मेल इथूनच पुढे जात असतात. `Disable forwarding` निवडावे, पत्त्यांच्या यादीतून तो पत्ता `Remove` करावा आणि पानाच्या अगदी तळाशी जाऊन `Save Changes` दाबावे. हे शेवटचे बटण न दाबता पान बंद केलेले मी पाहिले आहे. फॉरवर्डिंग बंद झाले या समजुतीत ते गृहस्थ दोन आठवडे राहिले आणि मेल जातच होते. बटण दाबल्यानंतर तेच पान पुन्हा उघडून खात्री करावी.

फॉरवर्डिंग नव्याने सुरू झाल्यावर पहिला आठवडाभर जीमेल संगणकावरच्या इनबॉक्समध्ये त्याची सूचना दाखवते. पण जे लोक मेल फक्त फोनवर पाहतात त्यांच्या नजरेस ती पडण्याचा संभव कमी, आणि आठवडा उलटला की ती नाहीशी होते.

तिसरे पान `Accounts and Import`. इथे `Grant access to your account` पुढे अनोळखी पत्ता असेल तर त्या माणसाला आपला पासवर्ड न वापरता, स्वतःच्या खात्यातून, आपले मेल वाचता आणि पाठवता येतात. `Send mail as` मध्येही पाहावे. तिथे आपले नाव बरोबर असते पण उत्तर कुठे जावे याचा पत्ता बदललेला असू शकतो, आणि मग ग्राहकाने आपल्याला दिलेले उत्तर परस्पर दुसरीकडे जाते.

नियम काढून झाल्यावर जीमेलच्या शोधपट्टीत `in:trash` लिहून कचरा चाळावा. तिथे मेल ३० दिवस टिकतात आणि नंतर कायमचे जातात, म्हणून हे काम उद्यावर टाकू नये. आमच्या प्रकरणात तीन पानभर गूगलचे इशारे तिथे पडलेले होते आणि सर्वांत जुन्या इशाऱ्याच्या तारखेवरून घुसखोर निदान कधीपासून आत होता हे कळले. दुसऱ्या नियमाने लपवलेले मेल कचऱ्यात नव्हते, ते `All Mail` मध्ये मिळाले. त्या काळात ज्या ज्या ग्राहकांचे मेल बाहेर गेले होते त्या अकरा जणांना व्यापाऱ्यांनी त्याच दिवशी फोन केला. हे मेलने कळवू नये, फोनच करावा, कारण तोवर बनावट पत्त्यावरून येणारा मेल आणि आपला मेल यांत ग्राहकाला फरक करता येत नाही.

पाचवी तपासणी: परतीच्या वाटा

इथे थोडक्यात सांगितले तरी पुरे. गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात रिकव्हरी फोन आणि रिकव्हरी ईमेल आपलेच आहेत ना ते पाहावे. ते बदललेले आढळले तरी जुन्या फोनवर किंवा ईमेलवर कोड मागवण्याचा पर्याय ७ दिवस मिळू शकतो, म्हणून त्या मुदतीत हालचाल करावी. `2-Step Verification` चालू करावे, आणि ते आधीपासून चालू असेल तर त्यात परका फोन, परकी पासकी किंवा परके अॅप जोडलेले नाही याची खात्री करून बॅकअप कोड नव्याने काढावेत, म्हणजे जुने रद्द होतात.

त्यानंतर `myaccount.google.com/apppasswords` उघडावे. इथला १६ अक्षरी पासवर्ड दोन टप्प्यांची पडताळणी न विचारता मेल अॅपला आत घेतो. खात्याचा मुख्य पासवर्ड बदलल्यावर हे अॅप पासवर्ड रद्द होतात, तरी यादी रिकामी झाली हे डोळ्यांनी पाहावे, कारण बदलानंतर कोणी नवा तयार केलेला असू शकतो. शेवटी `myaccount.google.com/connections` वर जाऊन मेल वाचण्याची परवानगी घेतलेले प्रत्येक बाहेरचे अॅप तपासावे आणि ज्याचे कारण सांगता येत नाही त्याची परवानगी काढून घ्यावी.

सहावी तपासणी: संगणक

ही सर्वांत कष्टाची तपासणी आहे आणि ती शेवटी ठेवली असली तरी ती टाळता येत नाही. ब्राउझरची एक्स्टेन्शन पाहून अनोळखी काढून टाकावीत, आणि विंडोजमधल्या डिफेंडरची पूर्ण तपासणी आणि त्यानंतर `Microsoft Defender Offline scan` चालवावी. ही दुसरी तपासणी संगणक पुन्हा सुरू करून विंडोज चढण्याआधी चालते, त्यामुळे चालू विंडोजमध्ये लपणारे काही प्रोग्राम तिच्या हाती लागतात. मात्र माहिती चोरणारा प्रोग्राम सापडला, तर तो काढून तेवढ्यावर समाधान मानणे मला योग्य वाटत नाही. टॅलीचा डेटा आणि कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर घेऊन विंडोज नव्याने बसवावी, आणि त्या ब्राउझरमध्ये साठवलेले इतर सर्व पासवर्ड, बँकेचे, जीएसटीचे आणि ई-वे बिलाचे सुद्धा, स्वच्छ यंत्रावरून बदलावेत. व्यापाऱ्यांच्या संगणकाला याला एक पूर्ण दिवस गेला.

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

पैसे गेले असतील तर वरचे सारे बाजूला ठेवून तत्काळ १९३० वर फोन करावा, बँकेला कळवावे आणि `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवावी. रक्कम पुढच्या खात्यातून काढली जाण्याआधी ती गोठवता आली तरच परत मिळण्याची आशा असते, आणि तिथे प्रश्न तासांचा असतो. अशा वेळी संगणक फॉरमॅट करू नये, फिल्टर पुसू नयेत. केवळ इंटरनेट काढून यंत्र जसेच्या तसे ठेवावे आणि पोलिसांना विचारून पुढचे करावे.

खाते कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवरचे असेल तर पहिल्या दोन तपासण्यांनंतर थांबून अॅडमिनला बोलवावे. कोणत्या कर्मचाऱ्याच्या खात्यातून काय बाहेर गेले याच्या नोंदी त्याला दिसतात, आपल्याला दिसत नाहीत, आणि एक खाते फुटले असेल तर शेजारचेही तपासावे लागते.

खात्यात शिरताच येत नसेल तर `g.co/recover` हा एकच रस्ता आहे. तिथले प्रश्न नेहमीच्या फोनवरून आणि घरच्या किंवा कार्यालयाच्या नेहमीच्या इंटरनेटवरून सोडवावेत, कारण ओळखीचे उपकरण आणि जागा यांचा विचार तिथे होतो. पैसे घेऊन खाते परत मिळवून देतो असे सांगणाऱ्या कोणालाही कोड देऊ नये. गूगल अशा कोणत्याही सेवेबरोबर काम करत नाही, आणि फोन करून पासवर्ड किंवा कोड मागतही नाही. मीसुद्धा ग्राहकाचा कोड मागत नाही. त्यांनी स्वतः टाइप करावा आणि मी शेजारी बसावे, असाच माझा रिवाज आहे.

वरच्या साऱ्या तपासण्या क्रमाने, स्वच्छ यंत्रावरून झाल्या आणि तरीही काढलेला फिल्टर परत उगवला, तर तिथे मीदेखील हात थांबवतो. याचा अर्थ कोणते तरी यंत्र किंवा परवानगी अजून घुसखोराच्या ताब्यात आहे, आणि ती शोधण्यासाठी सायबर सुरक्षेचे रीतसर काम करणारा माणूस लागतो. त्याच्याकडे जाताना सेशनचे फोटो, फिल्टरचे फोटो, उतरवून घेतलेला पत्ता आणि कोणत्या दिवशी कोणत्या यंत्रावरून काय बदलले याचा कागद बरोबर न्यावा. व्यापाऱ्यांच्या बाबतीत तशी वेळ आली नाही; आठव्या दिवशी आणि मग एक महिन्याने आम्ही दोघांनी तीच तीन पाने पुन्हा उघडली, तेव्हा फिल्टरच्या पानावर एकही नियम नव्हता आणि उपकरणांच्या यादीत त्यांचा फोन व नव्याने बसवलेला संगणक एवढेच होते.